संदर्भांचं साटंलोटं

नोव्हेंबर २०२४ मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ हायड्रोजन एनर्जी' या जर्नलात एक शोधनिबंध छापून आला. टायटॅनियम, झिर्कोनियम आणि हाफ्नियम या धातूंच्या स्फटिकांत हायड्रोजनचा अणू नेमका कुठे जाऊन बसतो, हा त्याचा विषय. धातुविज्ञानातल्या मोजक्या मंडळींपलीकडे तो कुणी उघडूनही पाहिला नसता. पण त्यात एक वाक्य असं होतं, की वाचणारा जागीच थबकावा. आशय असा: रिव्ह्यूअरांनी जोरदार आग्रह धरल्यामुळे आम्ही इथे ३५ ते ४७ क्रमांकांचे संदर्भ देत आहोत, मात्र प्रस्तुत कामाशी त्यांचा अजिबात संबंध नाही.

तब्बल १३ संदर्भ. आणि हे वाक्य संपादकाच्या टेबलावरून, प्रुफांतून सहीसलामत पार होऊन छापलं गेलं. काही दिवसांतच त्याचा फोटो जगभरच्या संशोधकांच्या मोबाइलवर फिरू लागला, कारण अनेकांना त्यात स्वतःचीच गोष्ट दिसली. 'रिव्ह्यूअरने आपलेच पेपर घालायला लावले' ही तक्रार प्रयोगशाळेत चहाच्या वेळी सगळेच करतात, लेखी मात्र कुणीच करत नाही. इथे ती चक्क निबंधाच्या मजकुरातच आली होती.

हा दबाव येतो कुठून, हे समजण्यासाठी निबंध छापला कसा जातो ते पाहावं लागतं. निबंध आला की जर्नलचा संपादक तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे धाडतो. हेच रिव्ह्यूअर. बहुतेक ठिकाणी त्यांची नावं लेखकाला कळत नाहीत आणि या कामाचे पैसेही त्यांना मिळत नाहीत. प्रयोगात काय राहिलं, निष्कर्ष कुठे ताणला गेला, आधीचं कुठलं महत्त्वाचं काम लेखकाच्या नजरेतून सुटलं, हे त्यांनी सांगायचं असतं. यातली शेवटची सूचना पुष्कळदा अगदी रास्त असते. शिवाय त्या विषयात काम केलं आहे म्हणूनच तर त्या माणसाला रिव्ह्यूअर नेमलेलं असतं, त्यामुळे सुटलेलं काम त्याचं स्वतःचंच असणंही स्वाभाविक आहे. म्हणजे रिव्ह्यूअरने स्वतःचा एखादा निबंध सुचवणं हा काही गुन्हा नव्हे. मागणीचं कारण समोरच्या निबंधात सापडत नाही आणि मागणाऱ्याच्या बायोडेटात सापडतं, तिथे गोष्ट बिघडते.

बायोडेटाचा संबंध असा, की संदर्भ मोजले जातात. एखाद्या निबंधाचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला, यावरून संशोधकाची पत ठरते, आणि जर्नलांची पत ठरवणारा आकडा म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर. त्याचं गणित सोपं आहे. जर्नलाने गेल्या दोन वर्षांत जेवढे निबंध छापले, त्यांना या वर्षी एकूण किती संदर्भ मिळाले, ते मोजायचं आणि निबंधांच्या संख्येने भागायचं. समजा, एका छोट्या जर्नलाने दोन वर्षांत २०० निबंध छापले आणि त्यांना यंदा ४०० संदर्भ मिळाले, तर इम्पॅक्ट फॅक्टर झाला २. आता दुसऱ्याच कुठल्या जर्नलात कुणी एक आढावा-लेख लिहिला आणि त्याच्या यादीत या २०० निबंधांचा एकेकदा उल्लेख केला, तर बेरीज ६०० वर जाते आणि इम्पॅक्ट फॅक्टर ३. एका लेखाने आकडा दीडपट झाला. मात्र अट एकच: उल्लेख त्या दोन वर्षांतल्या निबंधांचे हवेत. त्याहून जुन्या निबंधाचा उल्लेख या हिशेबात धरलाच जात नाही.

ही दोन वर्षांची खिडकी ध्यानात ठेवली, की पुढची गोष्ट आपोआप उलगडते.

२०१० मध्ये 'मेडिकल सायन्स मॉनिटर' या जर्नलात एक आढावा-लेख आला. त्याच्या शेवटी ४९० संदर्भ होते. त्यांपैकी ४४५ संदर्भ 'सेल ट्रान्सप्लांटेशन' या एकाच जर्नलातल्या निबंधांचे होते, आणि ते सगळेच्या सगळे निबंध २००८ किंवा २००९ मध्ये छापलेले होते. उरलेल्या ४५ पैकी ४४ संदर्भ खुद्द 'मेडिकल सायन्स मॉनिटर'मधल्या निबंधांचे. वर्षं पुन्हा तीच, २००८ आणि २००९. लेखाच्या चार लेखकांपैकी तिघे 'सेल ट्रान्सप्लांटेशन'च्या संपादक मंडळावर होते. विज्ञानाच्या कुठल्याही शाखेचा खरा आढावा घेताना कुणाची नजर अशी नेमकी दोन वर्षांवर आणि दोन जर्नलांवर खिळून राहत नाही. पुढच्या वर्षी 'द सायंटिफिक वर्ल्ड जर्नल'मध्येही त्याच धाटणीचे लेख आले.

वैज्ञानिक प्रकाशनाचे अभ्यासक फिल डेव्हिस यांनी २०१२ च्या एप्रिलमध्ये हा हिशेब जाहीरपणे मांडला. त्यानंतर त्याच वर्षी, इम्पॅक्ट फॅक्टर काढणाऱ्या थॉमसन रॉयटर्स या कंपनीने या तिन्ही जर्नलांचा आकडा रोखून धरला. 'द सायंटिफिक वर्ल्ड जर्नल'ने असे दोन लेख मागे घेतले. अशा टोळीसाठी 'सायटेशन कार्टेल' हा शब्द जॉर्ज फ्रांक यांनी १९९९ मध्येच वापरला होता. मराठीत साटंलोटं म्हटलं की त्यातला देवाणघेवाणीचा भाग लगेच कळतो. रचना मात्र भिशीची असते. प्रत्येकाने आपल्या यादीतून थोडं थोडं टाकायचं आणि पाळीपाळीने एकेकाने उचलायचं.

पुढच्याच वर्षी ब्राझीलमधली गोष्ट उघड झाली. तिथल्या चार वैद्यकीय जर्नलांनी २०११ मध्ये एकमेकांचे संदर्भ भरभरून देणारे लेख छापले होते आणि त्यांचाही इम्पॅक्ट फॅक्टर वर्षभरासाठी थांबवला गेला. या गोष्टीतली खरी शिकवण मात्र कारणात आहे. ब्राझीलमध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांचं सरकारी मूल्यमापन होताना तिथल्या संशोधकांनी कोणत्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलात लिहिलं, हे पाहिलं जात असे. साहजिकच चांगले निबंध परदेशी जर्नलांकडे जात आणि देशी जर्नलं मागे पडत. त्यातून बाहेर पडायचा हा मार्ग तिथल्या संपादकांनी शोधला. मार्ग चुकीचाच होता, पण त्यांना तिकडे ढकलणारा नियम सरकारने केला होता.

मराठी प्राध्यापकाला हे दूरचं वाटायला नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या जर्नलातल्या निबंधाला जास्तीचे ५ गुण आणि १० च्या वरच्या जर्नलातल्या निबंधाला ३० गुण, अशी चढती भाजणी आहे. नेमणूक आणि बढती या गुणांशी बांधलेली आहे. संस्थांच्या 'एनआयआरएफ' क्रमवारीतही संदर्भांची संख्या धरली जाते. जिथे आकड्याला गुण आहेत, तिथे आकडा फुगवण्याची ओढही असणारच. पुण्यात असो की सांव पावलूत, माणसं सारखीच.

आकडा मोजून दोषी ठरवण्यातही धोका आहे. २०२० मध्ये क्लॅरिव्हेट या कंपनीने (इम्पॅक्ट फॅक्टरचं काम आता तिच्याकडे आहे) ३३ जर्नलांचे आकडे रोखले. त्यांत 'झूटॅक्सा' होतं. प्राण्यांच्या नव्या प्रजातींची नोंद करणारं हे जगातलं एक मोठं जर्नल. सह्याद्रीतल्या पाली आणि सरडे यांच्या कितीतरी नव्या जाती जगाला त्याच्याच पानांवरून कळल्या. ज्याने नव्या पालीचं वर्णन लिहायचं, त्याला तिच्या भाऊबंद जातींची आधीची वर्णनं सांगावीच लागतात, आणि ती बहुतेक 'झूटॅक्सा'तच छापलेली असतात. म्हणजे स्वतःच्याच जर्नलाचे संदर्भ तिथे जास्त असणार, आणि तसे असणंच योग्य. जगभरच्या वर्गीकरणशास्त्रज्ञांनी आवाज उठवला आणि काही आठवड्यांत कंपनीने निर्णय फिरवला. म्हणून आकड्याने फक्त संशय घ्यावा. निवाडा करायचा तर तो संदर्भ मजकुरात काय काम करतो, हे वाचूनच करावा लागतो.

जर्नलांची टोळी उघडी पडते, कारण याद्या छापील असतात आणि कुणीही त्या मोजू शकतो. रिव्ह्यूअरची मागणी बंद पाकिटातली असते. ती फक्त लेखक आणि संपादक वाचतात, म्हणून ती वर्षानुवर्षं खपून जाते.

'बायोइन्फर्मॅटिक्स' या जर्नलाच्या संपादकांनी २०१९ मध्ये अशाच एका रिव्ह्यूअरचं प्रकरण नाव न घेता छापलं. त्यांनी त्याचे जुने अभिप्राय काढून एकत्र वाचले. प्रत्येक अभिप्रायात त्याने सरासरी ३५ संदर्भ वाढवायला सांगितले होते. त्यांतले सुमारे ९० टक्के त्याच्या स्वतःच्या निबंधांचे होते, आणि उरलेल्या निबंधांतही त्याच्याच कामाचा भरघोस उल्लेख होता. जर्नलाने त्याला रिव्ह्यूअर म्हणून कायमचं बंद केलं. पुढच्या वर्षी 'जर्नल ऑफ थिअरॉटिकल बायॉलॉजी'ने आपल्याच संपादक मंडळातल्या एका सदस्याबद्दल असंच निवेदन काढलं. त्याने टोपणनावाने रिव्ह्यूअरचं काम केलं होतं, जवळच्या सहकाऱ्यांचे निबंध स्वतःच हाताळले होते, लेखकांना कधी पन्नासहून अधिक संदर्भ घालायला सांगितले होते आणि निबंधाच्या शीर्षकात आपल्या गणनपद्धतीचं नाव घालण्याचा आग्रहही धरला होता. काही निबंधांवर तर शेवटच्या टप्प्यात त्याचं नाव सहलेखक म्हणून चढलं होतं.

अशी माणसं किती असावीत? एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीतल्या दोन विश्लेषकांनी २०१९ मध्ये ६९,००० रिव्ह्यूअरांच्या नोंदी तपासल्या. ज्यांनी तपासलेल्या निबंधांत त्यांचेच संदर्भ सातत्याने उगवतात, असे रिव्ह्यूअर एक टक्क्याहूनही कमी निघाले. प्रमाण लहान आहे, पण असा एक माणूस वर्षाला डझनावारी निबंध तपासतो, हे विसरता येत नाही. आणि मागणी करणारा रिव्ह्यूअरच असतो असंही नाही. अलाबामा विद्यापीठाच्या हंट्सव्हिल इथल्या अ‍ॅलन विल्हाइट आणि एरिक फाँग यांनी अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि व्यवस्थापन या विषयांतल्या संशोधकांची पाहणी केली आणि ती २०१२ मध्ये 'सायन्स'मध्ये छापली. ६,६७२ जणांनी उत्तरं दिली. पाचातल्या एकाने सांगितलं, की संपादकानेच आपल्या जर्नलाचे संदर्भ वाढवायला भाग पाडलं होतं. ८६ टक्क्यांना हे अयोग्य वाटत होतं. तरीही ५७ टक्के म्हणाले, की असं करणाऱ्या जर्नलाकडे निबंध पाठवायचा झाला तर आपण आधीच चार संदर्भ जास्तीचे घालून ठेवू. शिवाय हा दबाव ज्येष्ठांपेक्षा खालच्या पदावरच्या लेखकांवर जास्त येतो, असंही त्यांना आढळलं.

या दोघांनी बळजबरीची जी व्याख्या केली, ती लेखकाने पाठच करून ठेवावी अशी आहे. मागणीत निबंधात काय उणं आहे हे सांगितलेलं नसतं. कोणता निबंध, कोणता लेखक किंवा कोणता विषय राहिला, हेही सांगितलेलं नसतं. फक्त 'आमच्या जर्नलातले काही संदर्भ वाढवा' एवढंच असतं. संपादकाची मागणी या तिन्ही खुणांची असेल, तर ती बळजबरी. रिव्ह्यूअरची मागणी ओळखणं जरा अवघड जातं, कारण तो निबंधांची नावं देतो.

ती ओळखायची कशी आणि उत्तर काय द्यायचं, हे एका कल्पित उदाहरणावरून नीट पाहता येईल. समजा, नाशिकजवळच्या एका महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेने द्राक्षबागांच्या मातीवर निबंध लिहिला. केवडा रोगासाठी बागाईतदार वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण फवारतात, त्यातलं तांबं मातीच्या वरच्या थरात साचत जातं. किती साचलं, हे तिने जुन्या आणि नव्या बागांची तुलना करून मोजलं. तीन महिन्यांनी दोन अभिप्राय आले. दुसऱ्या रिव्ह्यूअरचे पहिले दोन मुद्दे चांगले होते: फवारणी न झालेल्या शेताची माती तुलनेला का घेतली नाही, आणि पंधरा सेंटिमीटरच्या खाली काय आढळलं? तिसरा मुद्दा मात्र असा: आधीच्या संशोधनाचा आढावा अपुरा आहे, पुढील ११ निबंधांचे संदर्भ देणं आवश्यक. खाली यादी.

तिने सगळ्यांत आधी काय करावं, तर उत्तर लिहायला बसू नये. एका कागदावर तक्ता आखावा. निबंधाचं नाव, लेखक, जर्नल, साल, आणि शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा: माझ्या निबंधातल्या कोणत्या वाक्याला याचा आधार मिळतो? अकराही निबंधांचे सारांश वाचून तो रकाना भरायचा. तासाभराचं काम आहे. समजा, निघालं ते असं. एक निबंध फळबागांच्या मातीतल्या तांब्यावर आहे, एक गांडुळांवर होणाऱ्या तांब्याच्या परिणामावर आहे. उरलेले नऊ तांब्याच्या सूक्ष्मकणांनी सांडपाण्यातला रंग काढणं आणि बॅटरीचे विद्युतअग्र यांच्यावर. दोन्हीकडे तांबं आहे, एवढंच नातं. त्या नवांवर एका लेखकाचं नाव समान आहे, आणि आठ एकाच जर्नलात गेल्या दोन वर्षांत आले आहेत. ती दोन वर्षांची खिडकी इथे पुन्हा दिसते.

आता गांडुळांवरच्या निबंधावरही तेच नाव आहे असं समजू. तो घ्यायचा की नाही? घ्यायचा. तिच्या निबंधात जमिनीच्या आरोग्याबद्दल एक परिच्छेद आहे आणि तो या निबंधाने खरोखर पक्का होतो. कसोटी नावाची नसते, उपयोगाची असते. रागाच्या भरात चांगला संदर्भ नाकारणं हीसुद्धा वाचकाशी केलेली लबाडीच ठरेल. फळबागांवरचाही घ्यायचा. आणि आढावा खरंच अपुरा होता का, हा प्रश्नही तिने प्रामाणिकपणे स्वतःला विचारायचा. तसा तो असेल, तर द्राक्षबागांतल्या तांब्यावर युरोपात पुष्कळ काम झालं आहे, त्यातलं उत्तम ते शोधून घालायचं. रिव्ह्यूअरची तक्रार खरी असू शकते, त्याने दिलेलं औषध मात्र घेतलंच पाहिजे असं नाही.

मग उत्तर दोन कागदांवर जातं. पहिला कागद रिव्ह्यूअरही वाचणार असतो. त्यात तिने फक्त कामाचं बोलावं: सूचनेबद्दल आभार, आढाव्यात भर घातली आहे, सुचवलेल्यांपैकी दोन निबंध अमुक पानावर अमुक ओळीत घेतले आहेत, उरलेले नऊ पाण्याच्या शुद्धीकरणाशी आणि बॅटरीशी संबंधित असून आमच्या निबंधातल्या कुठल्याही विधानाला त्यांचा आधार लागत नाही, म्हणून घेतलेले नाहीत, त्यांचा एखाद्या विशिष्ट विधानाशी संबंध असल्यास तो कळवावा, आम्ही जरूर विचार करू. 'तुम्ही म्हणजे अमुकच' असं चुकूनही लिहू नये. तो अंदाज चुकू शकतो. क्वचित एखाद्याचा विद्यार्थी किंवा चाहताही अशी यादी देतो. आणि अंदाज बरोबर असला तरी नाव उघड करणं हे लेखकाचं काम नव्हे. बाकीच्या दोन मुद्द्यांना मात्र भरघोस उत्तर द्यावं, तुलनेची माती आणून मोजावी. संदर्भ नाकारणारा लेखक कामचुकार नाही, हे संपादकाला त्यातूनच दिसतं.

दुसरा कागद खास संपादकासाठी, गोपनीय. निबंध पाठवण्याच्या प्रणालीत संपादकाला पत्र लिहिण्यासाठी वेगळी जागा असते, नसेल तर ईमेल. पत्र पाच ओळींचं पुरे. दुसऱ्या रिव्ह्यूअरने ११ निबंधांची मागणी केली, त्यांपैकी १० वर एक लेखक समान आहे, ९ आमच्या विषयाबाहेरचे आहेत, सोबत तक्ता जोडला आहे, यांपैकी कुठला संदर्भ आपल्याला आवश्यक वाटत असल्यास कारणासह कळवावं. एवढंच. 'भ्रष्टाचार', 'खंडणी' असे शब्द नकोत. तक्ताच पुरेसं बोलतो.

हे पत्र संपादकाकडे जायलाच हवं, कारण निर्णय त्याचा असतो. रिव्ह्यूअर सल्ला देतो, निबंध घ्यायचा की नाकारायचा ते संपादक ठरवतो. त्याच्यापुढे अभिप्रायांचा ढीग असतो आणि संदर्भांची यादी तो पुष्कळदा वाचतही नाही. ती हायड्रोजनच्या निबंधातली गोष्ट तशीच तर घडली. पत्र वाचल्यावर बरेच संपादक 'ते नऊ सोडून द्या' एवढंच कळवतात, काही त्या अभिप्रायाकडे दुर्लक्ष करून तिसऱ्याकडे निबंध धाडतात. प्रकाशन-नैतिकतेसाठी काम करणारी 'कोप' ही ब्रिटनमध्ये सुरू झालेली संस्था रिव्ह्यूअरांना लेखी सांगते, की केवळ संदर्भसंख्या वाढावी म्हणून स्वतःचं काम सुचवू नका. जर्नल 'कोप'चं सदस्य असेल तर पत्रात तेवढा उल्लेख करायला हरकत नाही.

आणि संपादकानेच हट्ट धरला तर? मग प्रत्येक निबंधामागचं कारण लेखी मागावं. ते मिळालं नाही, तर मुख्य संपादकाकडे जावं, मुख्य संपादकच गुंतला असेल तर प्रकाशकाच्या संशोधन-सचोटी विभागाकडे. 'कोप'कडे तक्रार करता येते, पण फक्त सदस्य जर्नलाविरुद्ध, आणि तीही जर्नलाची स्वतःची तक्रार-प्रक्रिया संपल्यावर. हे सगळं वेळखाऊ आहे. वेळ नसेल तर निबंध मागे घेऊन दुसरीकडे पाठवणं हा सरळ मार्ग आहे. फक्त मागे घेतल्याचं पत्र आणि त्याची पोच हाती आल्याशिवाय दुसरीकडे पाठवू नये. एक निबंध एकाच वेळी दोन जर्नलांकडे असणं हा स्वतंत्र गैरप्रकार ठरतो आणि मग तक्रारदारच आरोपी होतो.

पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची अडचण याहून मोठी. मुदत संपत आलेली, निबंध छापून यायलाच हवा, आणि गाइड म्हणतात, 'घाल ते संदर्भ आणि मोकळा हो.' त्यांचंही पूर्ण चुकतं असं नाही, नकाराने निबंध रखडू शकतो, ही भीती खरी आहे. पण विद्यार्थ्याला तक्ता तर करता येतो. अकरा ओळींचा तो कागद समोर ठेवला की बहुतेक गाइडांचं मन बदलतं, कारण त्या यादीवर त्यांचंही नाव जाणार असतं. पत्र नेहमी पत्रव्यवहार करणाऱ्या मुख्य लेखकाच्या नावाने, म्हणजे बहुधा गाइडांच्याच नावाने जावं. विद्यार्थ्याने एकट्याने ही लढाई अंगावर घेऊ नये.

आडवाटाही सुचवल्या जातात. एक म्हणजे सगळे संदर्भ घालून टाकायचे आणि प्रुफाच्या वेळी गुपचूप काढायचे. हे चालत नाही. प्रुफात टंकनाच्या चुका सुधारतात, नऊ संदर्भ उडवले तर सगळे क्रमांक बदलतात, बदल संपादकाकडे परत जातो, आणि संपादकाच्या नजरेत खोटं लेखकच वागलेला असतो. दुसरी वाट हायड्रोजनच्या निबंधातल्या लेखकांची. त्यांच्या धैर्याचं कौतुक झालं, ते योग्यच होतं. पण संदर्भ मोजणारी यंत्रणा वाक्य वाचत नाही, यादी वाचते. 'यांचा संबंध नाही' असं लिहून दिलेले १३ संदर्भही १३ च मोजले जातात. मागणाऱ्याला हवं ते मिळालंच. तेच वाक्य निबंधाऐवजी संपादकाच्या पत्रात गेलं असतं, तर कदाचित यादीत काहीच गेलं नसतं.

गप्प राहून घालून टाकणं ही तिसरी आणि सर्वांत वापरातली वाट. २०१७ मध्ये कोपर्निकस या जर्मन प्रकाशनसंस्थेने मृदाशास्त्राच्या आपल्या जर्नलांतलं एक प्रकरण जाहीर केलं. संपादक आणि रिव्ह्यूअर म्हणून काम करणाऱ्या एका व्यक्तीने शेकडो संदर्भ सुचवले होते आणि त्यांतले बरेचसे लेखकांनी घातलेही होते. त्या लेखकांनी स्वतः काही मागितलं नव्हतं, त्यांना फक्त निबंध छापून हवा होता. पण ते संदर्भ आज त्यांच्या नावाखाली कायमचे छापलेले आहेत, आणि त्या माग धरून जाणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला बिनकामाचे निबंध वाचत बसावं लागतं.

'बायोइन्फर्मॅटिक्स'च्या रिव्ह्यूअरचा एकेक अभिप्राय सुटा वाचला असता, तर तो फार तर अति उत्साही वाटला असता. सगळे शेजारी ठेवले तेव्हा सरासरी ३५ चा आकडा निघाला. लेखकाला स्वतःपुरता एकच अभिप्राय दिसतो, शेजारी ठेवण्याची सोय फक्त जर्नलाच्या कार्यालयात असते. तिथे नोंद व्हायची तर लेखकाने कळवायला हवं. ज्यांच्या हाती आत्ता अशी यादी आली आहे, त्यांनी तक्ता करावा, कामाचे संदर्भ घ्यावेत, बाकीचे कारण देऊन नाकारावेत, आणि संपादकाला लिहायचं ते पाच ओळींचं पत्र सुधारित निबंधाबरोबर त्याच दिवशी पाठवावं.